सुई आधी की ट्रे आधी?

«मी मेडिसीन वॉर्डात नर्स आहे. परवा सव्वाअकराला एका पेशंटची शुगर १६८ आली. ऑर्डरप्रमाणे जेवणाचे ६ आणि करेक्शनचं १ असं ७ युनिट लिस्प्रो १२ वाजून १० मिनिटांनी दिलं. जेवण १ वाजून २० मिनिटांनी आलं. त्याच्या पाच मिनिटं आधी पेशंटला दरदरून घाम फुटला, शुगर ६४. सकाळी ८.२० ला ६ अधिक ३ असे ९ युनिट गेले होते आणि नाश्ता अर्धाच खाल्ला होता, हे मला नंतर कळलं. रात्री झोपताना ग्लार्जिन १८ चालू आहे. सगळे म्हणाले, १६८ ला करेक्शन द्यायलाच नको होतं. संध्याकाळी शुगर १८६ होती, पण सिस्टरने घाबरून जेवणाआधीचं इन्सुलिन दिलंच नाही, तर साडेदहाला ३११. माझं नेमकं कुठे चुकलं? पुढच्या वेळी करेक्शन द्यायचं की नाही?»

करेक्शनच्या त्या एका युनिटवर सगळ्यांनी बोट ठेवलं असलं, तरी दोष त्याचा नाही. हिशेब मांडून पाहा. या पेशंटला दिवसाला ग्लार्जिन १८, तीन जेवणांचे मिळून १८ आणि वर थोडं करेक्शन, म्हणजे एकूण साधारण ४० युनिट इन्सुलिन जातं. लिस्प्रोसारख्या जलद इन्सुलिनसाठी १८०० ला दिवसाच्या एकूण डोसने भागायचं, हा अंदाज काढण्याचा जुना आणि कामाचा नियम आहे. १८०० भागिले ४० म्हणजे ४५. एक युनिट या पेशंटची शुगर पूर्ण परिणाम होईपर्यंत साधारण ४५ ने उतरवेल. (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) पण तो परिणाम चार तासांवर पसरलेला असतो. पहिल्या तासाभरात त्याचा जेमतेम पाव हिस्सा दिसतो, म्हणजे दहा-बारा अंक. ते एक युनिट दिलंच नसतं, तर सव्वाएकला ६४ ऐवजी ७५ च्या आसपास शुगर आली असती आणि ती खाली घसरतच राहिली असती.

घसरवलं ते जेवणाच्या सहा युनिटनी. सहा गुणिले ४५ म्हणजे २७०. एवढी शुगर ताटातून येणार आहे असं गृहीत धरून ते सहा युनिट शरीरात गेले आणि ताट सत्तर मिनिटं आलंच नाही.

सिरिंजमध्ये ७ हा एकच आकडा दिसतो, पण त्यात दोन वेगळी कामं असतात. करेक्शन असतं आधीच चढलेल्या शुगरसाठी. जेवणाचा डोस असतो अजून यायच्या असलेल्या शुगरसाठी. ताट उशिरा येणार असेल, पेशंट एक्स-रेला गेला असेल, मळमळत असेल, तेव्हा या दोघांचा निर्णय वेगवेगळा घ्यावा लागतो. जेवणाचा डोस ताट येईपर्यंत थांबतो. करेक्शन द्यायचं की तेही थांबवायचं, हे ऑर्डर आणि डॉक्टर सांगतात. म्हणून चार्टवर नुसतं ७ लिहू नका, ६ + १ असंच लिहा. पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला त्यावरून लगेच कळतं की शुगर फार चढलेली नव्हती आणि डोस मोठा होता तो जेवणामुळे. आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. आकड्यापुढचं इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ६ चे ६० वाचले जातात. ही चूक जगभरच्या वॉर्डांत झालेली आहे.

आता त्या १६८ कडे वळू. ती शुगर सव्वाअकराची होती आणि सुई १२.१० ला दिलीत, म्हणजे मध्ये ५५ मिनिटं गेली. १६८ हा आकडा चढता होता की उतरता, हे ग्लुकोमीटर सांगत नाही. ते चार्ट सांगतो. तुमच्या चार्टमध्ये ते होतं. सकाळी ८.२० ला नऊ युनिट गेले होते. लिस्प्रोचा असर तीन ते पाच तास राहतो, त्यामुळे सव्वाअकराला त्याचा शेवटचा भाग अजून काम करत होता. वर नाश्ता अर्धाच झालेला, म्हणजे सकाळच्या सहा युनिटनाही पुरेसं अन्न मिळालं नव्हतं. शुगर बहुधा उतरणीवरच होती. १२.१० ला पुन्हा मोजली असती तर बहुधा १५० च्या आतबाहेर निघाली असती. तुमच्या स्केलमध्ये १५० च्या खाली करेक्शन शून्य असेल, तर तुम्ही ६ वरच थांबला असतात. म्हणजे करेक्शन द्यावं की नाही हा प्रश्न खरं तर शुगर किती ताजी आहे, याचाच आहे.

मोजल्यापासून सुईपर्यंत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गेला असेल, तर पुन्हा मोजा. तुमच्या हॉस्पिटलच्या नियमात एक तासाची मुभा असली तरी, आधीच्या डोसचा असर बाकी असेल किंवा मागचं जेवण अर्धवट झालं असेल तेव्हा ती मुभा वापरू नका.

एवढी मिनिटं जातात कुठे, तर बहुतेक वॉर्डांत आधी सगळ्यांच्या शुगर घेऊन यादी करतात, मग औषधाच्या खोलीत सगळे डोस काढतात आणि मग एका टोकापासून टोचत जातात. शेवटच्या बेडपर्यंत पोचताना तास सहज उलटतो. शिवाय काढून ठेवलेल्या सिरिंजची अदलाबदल होण्याचा धोका वेगळाच. ही पद्धत उलटी करा. ट्रॉली ज्या खोलीपासून वाटायला सुरुवात करते, तिथूनच तुम्हीही सुरुवात करा आणि एका पेशंटचं सगळं तिथेच संपवा: शुगर, चार्ट, डोस, ट्रे, आणि मग पुढचा बेड. पंधरा पेशंट आणि एकच नर्स असेल तर हे जड जातं, हे मान्य. तेव्हा निदान दोन-दोन खोल्यांचे गट करा. स्वयंपाकघरातून ट्रॉली निघाल्याचा फोन वॉर्डात यायची सोय झाली, तर अर्धं काम सोपं होतं. इन्चार्ज सिस्टरकडे ही मागणी लेखी करण्यासारखी आहे.

मोजण्याबद्दल थोडक्यात. खोट्या शुगरवर दिलेलं इन्सुलिन मात्र खरं असतं, म्हणून एवढं पाहाच. पेशंटने नुकतंच फळ सोललं असेल तर बोटाला लागलेली साखर स्ट्रिपवर उतरते आणि १४० ची शुगर २५० दिसू शकते, त्यामुळे हात साबणाने धुऊन पुसायला लावा. स्पिरिट वापरलंत तर ते पूर्ण वाळू द्या. बोटाच्या कडेला टोचा आणि थेंब यायला बोट जोरात पिळू नका. ज्या हाताला डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू आहे तो हात टाळा. रक्तदाब फार कमी असेल, हातपाय गार पडले असतील, तर बोटाच्या रक्तावर विसंबू नका, डॉक्टरांना विचारून शिरेतला नमुना लॅबला पाठवा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तरी ग्लुकोमीटर शुगर खरीपेक्षा जास्त दाखवू शकतो. आकडा पेशंटच्या आधीच्या शुगरशी किंवा त्याच्या चेहऱ्याशी जुळत नसेल, तर हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा घ्या आणि मगच डोस ठरवा.

चार्ट पाहताना नजर पहिल्यांदा स्केलच्या रकान्याकडे जाते, आणि इथेच सवय बदलावी लागते. स्केल सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी बघा, शेवटचं जलद इन्सुलिन किती वाजता आणि किती गेलं. चार तासांच्या आत करेक्शन गेलं असेल तर त्यावर दुसरं करेक्शन चढतं. दोन्ही एकाच वेळी खाली ओढतात आणि शुगर पडते तेव्हा कोणालाच कारण समजत नाही. परवा तीन तास पन्नास मिनिटं झाली होती, म्हणजे सीमेवरच. मग मागच्या जेवणाची नोंद पाहा: पूर्ण, अर्धं, की दोन घास. हा रकाना बहुतेक चार्टमध्ये रिकामा असतो आणि तुम्हालाही ते ‘नंतर कळलं’ ते यामुळेच. ट्रे परत नेणाऱ्या माणसाला सांगून ठेवा की मधुमेहाच्या पेशंटचा ट्रे तुम्हाला दाखवल्याशिवाय न्यायचा नाही. त्यानंतर पुढच्या दोन तासांत काय होणार आहे ते पाहा: उपाशी ठेवायचं आहे का, सोनोग्राफीला नेणार आहेत का, डायलिसिस आहे का. किडनी कमजोर असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे अशा पेशंटचं स्केल सौम्य आहे ना हे पाहा. स्टेरॉइड सकाळी दिलं असेल तर दुपार-संध्याकाळची शुगर चढते आणि पहाटे उतरते, म्हणून रात्री उशिराच्या करेक्शनला जपून. हे सगळं पाहायला दीड-दोन मिनिटं लागतात.

डोस काढताना कुपीवरची ताकद आणि सिरिंज जुळते का, हे मोठ्याने वाचा. काही ठिकाणी ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही कुप्या असतात. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत भरलंत, तर आत २५ युनिट येतात. दुसऱ्या सिस्टरने नुसतं ‘बरोबर’ म्हणू नये. तिने शुगर आणि ऑर्डर पाहून डोस स्वतः काढावा आणि मग तुमच्याशी ताडून पाहावा.

आता ट्रे. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही इन्सुलिनं दहा-वीस मिनिटांत काम सुरू करतात आणि तासाभराने जोरात येतात. म्हणून त्यांच्यासाठी नियम सोपा आहे: ट्रे पेशंटच्या समोर, पेशंट बसलेला, खायला तयार, आणि मग सुई. पंधरा मिनिटांपेक्षा आधी नाही. ‘ट्रॉली वॉर्डात आली’ म्हणजे ट्रे समोर आला असं नव्हे. ट्रॉली दारात उभी असताना शेवटच्या बेडला अजून अर्धा तास असू शकतो. आणि १२ वाजता इन्सुलिन अशी वेळ औषधाच्या चार्टवर छापलेली असली, तरी ती जेवणाची वेळ म्हणून लिहिलेली असते. ट्रे १.२० ला आला तर सुईही १.२० ला. चार्टवर खरी वेळ टाका आणि उशिराचं कारण म्हणून ‘जेवण १.२० ला’ असं लिहा. ठरल्या वेळी औषध दिल्याचा शेरा मिळावा म्हणून रिकाम्या पोटी इन्सुलिन देणं ही वेळ पाळणं नव्हे. कोणी विचारलं तर हे शांतपणे सांगा.

पेशंट किती खाईल याची खात्रीच नसेल, म्हणजे मळमळ आहे, ताप आहे, वयस्क आहे आणि दोन घासांत थकतो, तर जेवण झाल्याबरोबर द्यायची ऑर्डर मागून घ्या. जलद इन्सुलिन तसं देता येतं. अर्धं खाल्लं तर जेवणाच्या सहाऐवजी तीन, अशी प्रमाणाची ऑर्डर आधीच लिहून घेतली की दर वेळी फोन करावा लागत नाही. करेक्शन मात्र जेवणाआधी मोजलेल्या शुगरवरच ठरतं. जेवल्यानंतर घेतलेली शुगर त्या स्केलवर लावायची नाही.

तुमच्या वॉर्डात कधी साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन आलं तर हा नियम जसाच्या तसा चालणार नाही. ते सुरू व्हायला अर्धा तास घेतं, दोन ते चार तासांनी जोरात येतं आणि पाच ते आठ तास रेंगाळतं. पुस्तकाप्रमाणे ते जेवणाआधी ३० मिनिटं द्यायचं. पण ते ३० मिनिटं आधी द्यायला ट्रे कधी येणार हे ३० मिनिटं आधी नक्की माहीत असावं लागतं. जिथे ट्रे कधी बाराला तर कधी सव्वाला येतो, तिथे ट्रे समोर आल्यावरच दिलेलं बरं. जेवणानंतर शुगर थोडी जास्त चढेल, पण पेशंट रिकाम्या पोटी कोसळणार नाही. हा बदल मात्र आपल्या मनाने न करता डॉक्टरांशी बोलून करायचा. रेग्युलरनंतर चार तासांनीही शुगर पडू शकते, त्यामुळे दोन करेक्शनमध्ये सहा तासांचं अंतर ठेवा.

इन्सुलिन देऊन झालं आणि ट्रे आला नाही, असं पुन्हा झालं तर? लिस्प्रो दिल्यापासून पंधरा मिनिटांत ताट समोर नसेल, तर वाट बघत बसू नका. एकीला स्वयंपाकघरात फोन करायला सांगा आणि पेशंट गिळू शकत असेल तर लगेच साधारण १५ ग्रॅम कर्बोदक मिळेल असं काही द्या, वॉर्डात ठेवलेली बिस्किटं, दूध, जे असेल ते. अर्ध्या तासाने शुगर घ्या. पेशंटला ताट येईपर्यंत कुठल्याही तपासणीला जाऊ देऊ नका. बोलावणं आलं तर ‘इन्सुलिन दिलेलं आहे, जेवल्यावर येईल’ असं स्पष्ट कळवा.

६४ आल्यावर तुम्ही काय केलंत ते लिहिलं नाही, म्हणून सांगते. ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून तोंडाने, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर, अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की जेवण. गिळता येत नसेल किंवा गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर दिलं तर २५ ग्रॅम ग्लुकोज जातं. शीर नसेल तर ग्लुकागॉन १ मिलिग्रॅम स्नायूत, ऑर्डरप्रमाणे. आणि एक गोष्ट निसटते: लिस्प्रो १२.१० चं आहे, तर त्याचा असर चारपर्यंत आहे. १ वाजून ३५ ला समजा ९८ आली, तरी निश्चिंत होऊ नका, जेवण झाल्यावर तासाभराने आणखी एक शुगर घ्या.

संध्याकाळच्या सिस्टरचं घाबरणं समजतं, पण दुपारचं कारण संध्याकाळी नव्हतंच. १८६ ला ताट समोर होतं, दुपारच्या डोसचा असर संपला होता. सहा युनिट वगळल्यावर जेवणाची शुगर अडवायला फक्त ग्लार्जिन उरलं आणि ते जेवणासाठी नसतंच. १८६ वरून ३११ वर जाणं मग साहजिकच होतं. शुगर पडून गेल्यावर शंका वाटली तर डॉक्टरांना फोन करून ‘आज जेवणाचा डोस किती देऊ’ असं विचारायचं. ते कदाचित सहाऐवजी पाच किंवा चार सांगतील. शून्य स्वतःहून ठरवू नका. टाइप १ च्या पेशंटमध्ये इन्सुलिन असं वगळत गेलं तर किटोन वाढून जीवावर बेतू शकतं.

साडेदहाच्या ३११ ला जेवणाआधीचं स्केल लावायचा मोह होतो. ते लावू नका. झोपताना अन्न येणार नसतं आणि पेशंट झोपेत असल्यामुळे घाम, थरथर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बहुतेक प्रोटोकॉलमध्ये रात्रीचं करेक्शन जेवणाआधीच्या साधारण निम्मं असतं. रात्रीचं स्केल वेगळं लिहिलेलं नसेल तर फोन करून घ्या, ग्लार्जिन ठरल्याप्रमाणे द्या आणि पहाटे तीनला शुगर घ्या.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना ‘शुगर डाऊन झाली होती’ एवढंच सांगितलं, तर ते बहुधा ग्लार्जिन कमी करतील आणि मग सकाळच्या शुगर चढतील. त्यांना कारणासकट सांगा: ‘१२.१० ला ६ + १ लिस्प्रो, शुगर ११.१५ ची १६८, नाश्ता अर्धा, ताट १.२० ला, १.१५ ला ६४. संध्याकाळचा डोस दिला गेला नाही, १०.३० ला ३११.’ मग तीन गोष्टी मागा: जेवणाचा डोस ट्रे समोर आल्यावर द्यायची लेखी ऑर्डर, अर्धं खाल्लं तर किती द्यायचं ते, आणि झोपतानाचं वेगळं स्केल. आणि गेल्या दोन-तीन दिवसांत दर जेवणाआधी करेक्शन लागत आलं असेल तर तेही दाखवा. नाश्त्याआधीची शुगर रोज चढलेली असेल तर ग्लार्जिनकडे पाहावं लागतं. दुपारच्या जेवणाआधीची चढलेली असेल तर सकाळच्या नाश्त्याच्या डोसकडे.